टिपाड भरता भरता: मुलाला पाळी कशी समजावायची

लातुरात माझं मेडिकल स्टोअर आहे. घरात बायको, माझी आई, अकरावीतली थोरली, आठवीतला मुलगा आणि पाचवीतली धाकटी. दुकानात रोज पॅडचे पुडे विकणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलाशी पाळीबद्दल बोलायला तेरा वर्षं लागली, हे आधीच कबूल करतो. आता बोलून झालंय, चुकाही झाल्यात. ज्या आईबापांना अजून सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी मी काय केलं ते क्रमाने लिहितोय.

कधी बोलायचं आणि कुठे

घरातल्या धाकट्या मुलीला पाळी यायच्या आधी, आणि मुलाला वर्गातल्या पोरांकडून अर्धवट कळायच्या आधी. बहुतेक मुलींना पहिली पाळी बारा-तेराच्या आसपास येते, पण दहाव्या वर्षीही येऊ शकते. आमची धाकटी दहा पूर्ण करून अकराव्यात गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं की हातात फार दिवस नाहीत.

समोरासमोर बसवून "तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय" असं म्हणू नका. लेकरू घाबरतं, आपणही अडखळतो. हातात काम असलं की बोलणं सोपं जातं. उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं आणि तेही भलत्याच वेळी. त्या रात्री अकराला आलं. बायका झोपलेल्या, मी आणि पोरगा अंगणात टिपाडं भरायलो होतो. एक टिपाड भरायला वीसेक मिनिटं लागतात, अंधार असतो आणि दोघांची नजर पाइपावर असते. यापेक्षा चांगली जागा मला सुचली नसती.

सुरुवात त्याच्या अंगापासून

थेट ताईच्या पाळीवर गेलात तर तो लाजून आत पळेल. मी आधी त्याच्या मिसरुडावर आलो. आवाज फुटतोय, काखेत केस आलेत, रात्री झोपेत कधी चड्डी ओली होते, ते सगळ्या मुलांना होतं आणि तो आजार नाही. शेवटचं ऐकून त्याने पाइप घट्ट धरला, पण ऐकत राहिला. मग सांगितलं की मेंदूखाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिथून निरोप सुटला की मुलाचं अंग बदलायला लागतं. मुलीच्या अंगातही निरोप तिथूनच सुटतो, फक्त तिच्याकडे बदलणारे अवयव वेगळे.

पुढचं मी साधारण या शब्दांत सांगितलं. ओटीपोटात गर्भाशय असतं, लहान पेरूएवढं. दर महिन्याला त्याच्या आतल्या बाजूला रक्ताचं मऊ अस्तर तयार होतं, बाळ राहिलं तर त्याला अंथरूण म्हणून. बाळ राहिलं नाही की ते अंथरूण नको असतं. मग ते सुटून थोड्या रक्ताबरोबर बाहेर पडतं, दोन ते सात दिवस. त्याला पाळी म्हणतात.

"पाळी" हा शब्द मुद्दाम तीन-चार वेळा उच्चारा. आमच्याकडे त्याला कावळा शिवला, अडचण आहे, बाहेरची आहे, दूर बसलीय असं काहीही म्हणतात. हे शब्द त्याने आजीकडून ऐकलेले असतात, त्यांचा अर्थही सांगून टाका. माझा पोरगा म्हणाला, "मला लहानपणी खरंच वाटायचं की कावळा येऊन शिवतो. मी गच्चीवर बघत बसायचो."

मग त्याने तो प्रश्न विचारला जो सगळीच मुलं विचारतात: "ते घाण रक्त असतं ना?" नाही. गुडघा फुटल्यावर येतं तेच रक्त, सोबत त्या अस्तराचे तुकडे. अंगातून बाहेर आल्यावर बराच वेळ कापडावर किंवा पॅडवर राहिलं की त्याला वास येतो, तसा तो कुठल्याही रक्ताला येतो.

आणि दुखतं का? अस्तर बाहेर ढकलायला गर्भाशयाचा स्नायू आवळतो. पोटरीत गोळा आल्यावर जसं होतं तसं ओटीपोटात होतं, कमरेत आणि मांड्यांतही उतरतं. कुणाला काहीच होत नाही, कुणाला पहिले दोन दिवस उठवत नाही. पोटरीत गोळा येणं त्याला कबड्डीमुळे नीट माहीत होतं, त्यामुळे हे चटकन पटलं.

एवढ्यात दुसरं टिपाड भरलं. पहिल्या दिवशी यापेक्षा जास्त सांगू नका.

पॅड हातात द्या

चार दिवसांनी दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसताना मी त्याला एक पॅड उघडून दाखवला. मागचा चिकट कागद काढला, पॅड एका जुन्या चड्डीवर चिकटवला, बाजूचे पंख खाली दुमडले. मग सिरपच्या बाटलीवरचं दहा मिलीचं झाकण घेतलं, पाण्यात थोडं कुंकू कालवलं आणि त्याला म्हणालो, "चार-पाच दिवसांत मिळून किती रक्त जात असेल, ओत." त्याने अंदाजाने पाण्याची बाटलीच उचलली. मी थांबवलं. साधारण तीन ते चार झाकणं, म्हणजे तीस-चाळीस मिली. आठ झाकणांच्या वर जात असेल तर ते जास्त समजतात.

एक झाकण ओतल्यावर पॅडवर पसरलेला डाग बघून तो म्हणाला, "एवढुश्श्यात एवढा डाग?" या एका वाक्यासाठी हा प्रयोग करावा. थोडं रक्त कापडावर किती दिसतं हे कळलं की वर्गातल्या एखाद्या मुलीच्या ड्रेसवरच्या डागाकडे मुलगा वेगळ्या नजरेने बघतो. रक्त पाण्यापेक्षा दाट असल्यामुळे ते पाण्याइतक्या पटकन पॅडमध्ये शिरत नाही, कडेनेही निसटतं, हेही सांगा. पॅड भरलेला नसला तरी चार ते सहा तासांनी बदलायचा, नाहीतर वास येतो, खाज सुटते, मांड्या सोलवटतात. शाळा सकाळी दहा ते पाच असेल तर मधे एकदा तरी बदलावाच लागतो. आणि बदलायला दार बंद होणारी, पाणी असणारी जागा लागते. मुलींच्या संडासाचं दार मोडलेलं असणं ही केवढी मोठी अडचण आहे, हे त्याला तेव्हा माझ्याशिवायच कळलं.

तिथेच त्याने मला पकडलं. "पप्पा, तुम्ही गिऱ्हाइकाला हे पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत का देता? कंडोमसुद्धा तुम्ही नुसता पाकिटात देता." अठरा वर्षं मी हेच करत आलो होतो आणि कारण सांगता आलं नाही. आता मी बाईंना विचारतो, "गुंडाळून देऊ का तसंच?" निम्म्याजणी अजून गुंडाळूनच मागतात. त्यांना वर उपदेश करायचा नाही, एवढंही पोराला सांगितलं.

कामं वाटून द्या

समजावून सांगितलेलं मुलं महिनाभरात विसरतात, हातात काम दिलं की राहतं. मी त्याला तीन कामं दिली.

पहिलं पाण्याचं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा आमच्या घरातल्या बायकांना वेगळ्याच कारणाने आठवतो. माणशी एक बादली असा हिशेब होता. कापड वापरणाऱ्या बाईला ते धुवायला पाणी कुठून आणायचं? आईने तेव्हा वय झाल्यामुळे सुटका झाली म्हणून देवाचे आभार मानले होते. बायकोने त्याच उन्हाळ्यात कापड सोडलं. पॅड वापरला तरी अंग धुवायला, चड्डी धुवायला, हात धुवायला पाणी जास्त लागतंच. कापडावरचा आणि चड्डीवरचा डाग आधी गार पाण्याने काढावा लागतो, गरम पाण्याने तो बसतो, मग साबण. म्हणजे दोन वेळा पाणी.

म्हणून आमच्या न्हाणीत एक झाकणाची बादली कायम भरलेली असते. ती कुणाच्या हिशेबात धरत नाही. कुणी वापरली, कधी वापरली, विचारायचं नाही. रिकामी दिसली की पोराने भरून ठेवायची. याचा फायदा असा की थोरलीला कुणाला "मला जास्त पाणी पाहिजे" असं सांगावं लागत नाही आणि त्यातून तिची तारीख घरभर होत नाही. आधी मी चुकून उलटं केलं होतं. "ताईचे दिवस असतील तेव्हा तिला एक बादली जास्त दे" असं म्हणालो, तर पोरगा खरंच जाऊन विचारायला लागला, "ताई, आज चालू आहे का?" तिने बादलीच फेकून मारायची बाकी ठेवली होती.

दुसरं काम खरेदीचं. स्वयंपाकघराच्या दारामागे किराणाची यादी लटकते. पुड्यात चार पॅड उरले की जो बघेल त्याने यादीत "पॅड" लिहायचं, डाळ-तेलाच्या ओळीतच. आणायला तो जातो. दुकान आमचंच असलं तरी पहिल्यांदा मी त्याला मुद्दाम दुसऱ्या मेडिकलवर पाठवलं, कारण मागायची सवय परक्या काउंटरवरच लागते. जाण्याआधी ताईकडून लांबी आणि पंखांचं विचारून घ्यायचं, कारण दिवसाचे आणि रात्रीचे पॅड वेगळे असतात. चुकीचा आणला तर बदलून आणायचा, पण उघडलेला पुडा कुणी परत घेत नाही. पहिल्या वेळी तो दोन बायका निघून जाईपर्यंत दुकानाबाहेर सायकलला टेकून उभा होता, असं मला त्या दुकानदाराने फोनवर सांगितलं. तिसऱ्या वेळी मात्र सुट्या पैशांवरून भांडून आला.

तिसरं कचऱ्याचं. घंटागाडी आली की कचऱ्याचा डबा तोच नेतो. पेपरात गुंडाळलेली सुरळी असेल तर ती उघडायची नाही, लाथाडायची नाही, तिच्यावर बोलायचं नाही. वापरलेला पॅड संडासात टाकला की पाणी शोषून फुगतो आणि पाइप तुंबतो, म्हणून तो गुंडाळून कचऱ्याच्या डब्यातच. गावाकडे माझ्या बहिणीच्या घरी अजून कापड वापरतात. तिथे दोरीवर ते दिसलं तर कुणी काही बोलायचं नाही, कारण बोललं की बायका ते साडीखाली लपवून सावलीत वाळवतात. ओलसर राहिलेल्या कापडाने आत संसर्ग होऊ शकतो, खडखडीत ऊन लागलेल्या कापडाने तो धोका कमी होतो.

आजी आणि बाजूला बसणं

आमच्या आईच्या गावाकडच्या वाड्यात बायका चार दिवस माळवदाखालच्या खोलीत बसायच्या. इथे आल्यावर तिने एवढं सोडलं, पण देवघराला आणि लोणच्याच्या बरणीला हात लावू देत नाही. बरणीला हात लागल्याने लोणचं नासत नाही, ओल्या चमच्याने नासतं, हे मी पोराला सांगितलं. पण आजीशी वाद घालायला त्याला पुढे केलं नाही. नातवाने आजीला शिकवायला लागलं की त्याचा राग शेवटी थोरलीवर निघतो. वाद मी आणि बायको घालतो.

त्याला एवढंच सांगितलं: तुझ्याकडून शिवाशिव होता कामा नये. ताईने दिलेला ग्लास हातातून घे, तिच्या शेजारी जेवायला बस. आणि ती स्वतःहून देवळात जायचं नाही म्हणाली तर तो तिचा निर्णय आहे, तिला पुढारलेली करायला जाऊ नकोस.

जे चुकलं

दोन महिने सगळं छान चाललं होतं. मग एका संध्याकाळी त्याने ताईचा चार्जर न विचारता नेला, ती ओरडली आणि हा सगळ्यांसमोर म्हणाला, "पाळी आलेली दिसतेय हिला." थोरली उठून आत गेली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं, कारण शिकवणारा मी.

हे होणारच, असं धरून चाला. अर्धी माहिती मिळालेल्या मुलाच्या हातात ती आधी हत्यार म्हणूनच येते. मी त्याला रागावलो नाही, विचारलं: चार्जर कुणी नेला? तू. न विचारता? हो. मग ती ओरडली त्याला कारण पाळी की चार्जर? तो गप्प. मग म्हणालो, काही मुलींना पाळीच्या आधीचे दिवस चिडचिड होते, रडू येतं, हे खरं आहे. पण ते ओळखून बोलून दाखवायचा हक्क तिचा, तुझा नाही. तू बोललास की तिचं खरं भांडणही खोटं ठरतं. त्या दिवसापासून आमच्या घरात नियम आहे की कुणाची पाळी आहे याचा अंदाज तोंडाने करायचा नाही, कधीच नाही. माफी त्याला मागायला लावली नाही. दोन दिवसांनी त्याने चार्जर नवीन वायरीसकट तिच्या टेबलावर ठेवला.

शाळेत

वर्गात एखाद्या मुलीच्या ड्रेसला डाग दिसला तर काय करायचं, हे आधी ठरवून द्या, ऐनवेळी मुलं गर्दीबरोबर जातात. मी सांगितलेलं असं: बोट दाखवायचं नाही, बघत राहायचं नाही. तिच्या मैत्रिणीला किंवा बाईंना हळूच सांगायचं, "तिला बाहेर बोलवा." स्वेटर किंवा जॅकेट असेल तर मैत्रिणीच्या हाती द्यायचं, स्वतः जाऊन हिरो व्हायचं नाही. कुणी हसायला लागला तर भाषण नको, "चल ना, मैदानावर जाऊ" म्हणत त्याला तिथून हलवायचं. मोबाइल बाहेर काढणाऱ्याला मात्र सरळ अडवायचं आणि न ऐकल्यास सरांकडे जायचं.

शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी मुलांनाही असते. पोरं ती खिडकीतून फेकतात, हे मला माहीत आहे, आमचाही फेकत होता. मुलींचं दर महिन्याला रक्त जातं, त्यामुळे त्यांचं लोह लवकर घटतं, हे कळल्यावर निदान ताईला तरी "गोळी घेतलीस का?" विचारायला लागला. ती चहाबरोबर घेतली तर फारशी लागू पडत नाही, हे जाता जाता.

हे आईबापांनी बघायचं

मुलाकडून डॉक्टरकीची अपेक्षा नको. तासा-दोन तासाला पॅड भरतोय, सात दिवसांहून जास्त चालतंय, दुखण्याने शाळा बुडतेय, तीन महिने पाळी आलीच नाही, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पहिली आली नाही, तर मुलीला डॉक्टरकडे न्यायचं. पहिली दोन वर्षं तारीख पुढेमागे होते, कधी दीड महिन्यानेही येते, त्याला घाबरू नका. दुखण्यावर गरम पाण्याची पिशवी देणं मुलाला जमतं. गोळी मात्र डॉक्टरांनी जी सांगितली असेल तीच, आणि जेवणानंतर. माझ्या काउंटरवर उपाशीपोटी वेदनाशामक घेऊन पोट जाळून आलेल्या मुली येतात.

धाकटीची वेळ

धाकटीसाठी आम्ही एक पत्र्याचा डबा कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवला होता. त्यात लहान मापाचे चार-पाच पॅड, दोन गडद रंगाच्या चड्ड्या, जुने वर्तमानपत्र. तिला आईने सगळं सांगितलेलं होतं, पोराला डब्याची जागा माहीत होती.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी बायको आणि थोरली औशाला लग्नाला गेल्या होत्या, आई झोपलेली, मी दुकानात. सव्वाचारला पोराचा फोन आला. आवाज जरा चढलेला.

"पप्पा, घरी या. छोटीला डबा दिलाय. ती न्हाणीत आहे, दार आतून लावलंय. झाकणाची बादली आतच आहे. मी बाहेरून सांगितलं, चिकट बाजू चड्डीला, उलटी नको."

"रडतेय का?"

"नाही. मला बाहेरून जा म्हणतेय. आईला फोन लावलाय, ती बोलतेय तिच्याशी, स्पीकर बंद आहे." मग जरा थांबून, "आणि मी तिच्यासाठी दूध तापवायला ठेवलं होतं, ते सगळं उतू गेलंय."